उजव्या कोपऱ्यातली चौकट कोणासाठी राखीव आहे?

तीन आडव्या ओळी, तीन उभे रकाने, मिळून नऊ चौकटी. एका अक्षावर माणसाची गेल्या दोन-तीन वर्षांतली कामगिरी. दुसऱ्यावर त्याचं पोटेन्शियल, म्हणजे याहून मोठी जबाबदारी तो पेलू शकेल का, याचा अंदाज. दोन्हींत वरचा शेरा मिळाला तर नाव वरच्या उजव्या कोपऱ्यात जातं आणि वारसांच्या यादीत चढतं. मोठ्या कंपन्यांत हा 'नाइन बॉक्स' अनेक वर्षं वापरात आहे. आता तो औद्योगिक वसाहतींतल्या घरच्या कंपन्यांतही आला आहे. मालक साठी ओलांडतात, बँक किंवा एखादा मोठा ग्राहक विचारतो, "तुमच्यानंतर कोण?", मग एक सल्लागार बोलावला जातो आणि दोन दिवसांच्या बैठकीत तक्ता भरला जातो.

तक्ता वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण घराण्याच्या कंपनीत तो बहुतेक वेळा निर्णय घ्यायला वापरला जात नाही; घेतलेल्या निर्णयाला शास्त्रीय कपडे घालायला वापरला जातो. आणि हे काम पोटेन्शियलचा अक्ष फार सफाईने करतो.

या तक्त्याचा पूर्वज माणसांसाठी नव्हताच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने जनरल इलेक्ट्रिकसाठी नऊ चौकटींची एक पद्धत बसवली. आपल्या अनेक धंद्यांपैकी कुठे पैसा ओतायचा आणि कुठून हात काढून घ्यायचा, हा तिथला प्रश्न होता. एका अक्षावर त्या बाजाराचं आकर्षण होतं, दुसऱ्यावर त्या बाजारात कंपनीची ताकद. दोन्हींसाठी बाहेरचे आकडे मिळत: बाजार किती वाढतोय, आपला वाटा किती. पुढे हीच चौकट माणसांवर लावली गेली. कामगिरीला निदान काही आकडे असतात. पोटेन्शियलच्या अक्षाला मात्र बाहेरचा कुठलाच आकडा नाही. तिथे वरिष्ठाचं मत तेवढं उरतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत ज्यांनी काम केलंय त्यांना त्यातली माणसं ओळखीची वाटतील. वाहनांच्या कारखान्यांना कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, पुरवणारी एक फाउंड्री आहे. दोन भाऊ मालक, थोरले चेअरमन. प्लांट हेड तीन वर्षांनी निवृत्त होणार आहेत, आणि या कंपनीत प्लांट हेडची खुर्ची ही एमडीच्या खुर्चीची पायरी मानली जाते. तीन नावं पुढे येतात. पहिलं धाकट्या भावाच्या मुलाचं. वय ३१, इंग्लंडहून एमबीए करून आलेला, सध्या 'न्यू बिझनेस' बघतो, कामगार त्याला धाकटे मालक म्हणतात. दुसरं क्वालिटी हेडचं. वय ३८, मेटलर्जीची इंजिनिअर. चार वर्षांत तिने रिजेक्शन सात टक्क्यांवरून चारवर आणलं. तिसरं प्रॉडक्शन मॅनेजरचं. वय ४६, डिप्लोमा झालेला, मोल्डिंग लाइनवर शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागला आणि तिथूनच वर आला.

बैठकीत चेअरमन, त्यांचे भाऊ, प्लांट हेड, फायनान्सचे प्रमुख, एचआर मॅनेजर आणि सल्लागार आहेत. कामगिरीचे शेरे लवकर उरकतात. क्वालिटी हेड तीनपैकी तीन, प्रॉडक्शन मॅनेजर तीन, पुतण्या दोन, कारण न्यू बिझनेसला अजून ठरलेलं उद्दिष्टच नाही. मग पोटेन्शियल. चेअरमन आधी बोलतात. "पोरगं नवीन आहे, पण त्याला मोठं चित्र दिसतं." यावर प्लांट हेड काय बोलणार? त्यांची निवृत्तीनंतरची सल्लागारकी याच टेबलावर ठरायची आहे. पुतण्याला तीन मिळतात. क्वालिटी हेडबद्दल कुणीतरी म्हणतं, "हुशार आहे, पण मुलं लहान आहेत, रात्री फर्नेस बंद पडली तर?" तिला दोन. प्रॉडक्शन मॅनेजरबद्दल, "माणूस सोन्यासारखा, पण पुण्याच्या ग्राहकासमोर उभा केला तर प्रेझेंटेशन कमी पडतं." त्यालाही दोन, आणि तेही रेंगाळत.

तक्ता तयार होतो. पुतण्याच्या चौकटीवर 'उद्याचा नेता' असं काहीतरी छापलेलं असतं, बाकी दोघांच्या चौकटीवर 'भरवशाचे'. बैठकीत कुणी खोटं बोललेलं नसतं. प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याला मनापासून पटलेलं असतं, आणि म्हणूनच ही गोष्ट पकडायला अवघड जाते.

आता त्या तीन वाक्यांकडे नीट बघा. 'मोठं चित्र दिसतं' याला पुरावा काय? तो काकांबरोबर ग्राहकाकडे जातो, जर्मनीच्या फाउंड्री प्रदर्शनाला जाऊन आला, घरी जेवताना कर्ज, जमीन, नवी लाइन यांच्या गप्पा ऐकतो. मोठं चित्र त्याला दाखवलं गेलंय म्हणून दिसतं. बाकी दोघांना ते कुणी दाखवलेलंच नाही. दुसरं वाक्य तर कामाबद्दल नाहीच. ते तिच्या घराबद्दलचा आपला अंदाज आहे, आणि तो अंदाज तिला विचारून केलेला नाही. पुतण्यालाही पुढच्या वर्षी मूल होणार असेल, पण फर्नेसचा प्रश्न त्याच्या बाबतीत कुणाला सुचत नाही. तिसऱ्या वाक्यात इंग्रजीला पोटेन्शियल समजलं गेलंय. दर महिन्याला रिजेक्शनपोटी पैसे कापणाऱ्या डेबिट नोटवरून ग्राहकाच्या माणसाशी हाच प्रॉडक्शन मॅनेजर फोनवर हुज्जत घालतो, ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधलं हवेचं छिद्र, कुणामुळे आला हे पटवून देतो आणि अनेकदा डेबिट मागेही घ्यायला लावतो. ते कोल्हापुरी मराठीत होतं, स्लाइडवर होत नाही, म्हणून ते मोजलं गेलं नाही.

यात एक छुपं पूर्वगृहीतही आहे: खुर्चीवर आज बसलेल्या माणसासारखा जो दिसतो, बोलतो, ज्या घरात आणि ज्या शाळेत वाढला, तो त्या खुर्चीला शोभतो. आपल्याकडे यात जात, गाव, आडनाव गुपचूप येऊन बसतात. ते कुणी उच्चारत नाही. 'आपल्या संस्कृतीत बसणारा माणूस' एवढंच म्हटलं जातं.

पोटेन्शियलच्या अक्षाबद्दलचा हा संशय नुसता संशय नाही. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतल्या व्यवस्थापन श्रेणीच्या सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ती कंपनी हाच नऊ चौकटींचा तक्ता वापरत होती. कामगिरीत बायकांना सरासरी पुरुषांहून चांगले शेरे होते, पोटेन्शियलमध्ये कमी. बढत्यांमध्ये स्त्री-पुरुषांत जी तफावत होती, तिचा मोठा हिस्सा एकट्या पोटेन्शियलच्या शेऱ्याने समजावता येत होता. आणि खरी गंमत पुढे आहे: पोटेन्शियलचा समान शेरा मिळालेल्या स्त्री-पुरुषांत नंतरच्या काळात बायकांची कामगिरी सरस निघाली. म्हणजे अंदाज चुकला होता, आणि तो चुकल्याचं दिसल्यावरही पुढच्या वर्षीचे त्यांचे पोटेन्शियलचे शेरे कमीच राहिले. ही कंपनी घराण्याची म्हणून निवडलेली नव्हती. तिथे शेकडो वेगवेगळे वरिष्ठ शेरे देत होते आणि त्यांचे वैयक्तिक चष्मे निदान एकमेकांना थोडेफार छेद देत असतील. आपल्या फाउंड्रीत शेरा शेवटी एकाच माणसाचा असतो. त्याचा चष्मा तोच कंपनीचा चष्मा.

शेरा देणाऱ्याचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. स्कलन, माउंट आणि गॉफ यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार हजारांहून जास्त व्यवस्थापकांचे शेरे तपासले. ज्याला शेरा मिळाला त्याच्या कामगिरीपेक्षा, देणाऱ्याच्या स्वतःच्या खास सवयींनी शेऱ्यांमधला फरक जास्त ठरत होता. निम्म्याहून अधिक वाटा त्या सवयींचा होता. मग तक्त्यात जे दिसतं ते पुतण्याचं चित्र मानायचं की काकांचं?

याची दुसरी बाजूही खरी आहे, ती टाळू नये. काही बाप आपल्याच मुलाला कमी लेखतात. पिकतं तिथे विकत नाही, तसं बाहेरच्या एमबीएचा शब्द ब्रह्मवाक्य आणि घरच्या मुलीने तेच सांगितलं तर "तुला काय कळतंय." मुलींच्या बाबतीत तर अनेकदा शेऱ्यापर्यंत गोष्टच जात नाही, कारण तक्त्यात नावच नसतं. चेन्नईच्या मुरुगप्पा घराण्यात एम. व्ही. मुरुगप्पन २०१७मध्ये वारले. त्यांना दोन मुली. थोरली वल्ली अरुणाचलम अमेरिकेत राहणारी, अणुअभियांत्रिकीत डॉक्टरेट केलेली अभियंता. घराण्याच्या होल्डिंग कंपनीच्या संचालक मंडळावर जागा मिळावी ही तिची मागणी २०२०च्या सर्वसाधारण सभेत मतदानाने फेटाळली गेली. २०२३मध्ये समझोता जाहीर झाला. त्यात कोण बरोबर होतं यावर इथे निकाल देण्याचं कारण नाही. मुद्दा इतकाच की कुठल्याही तक्त्याच्या आधी एक यादी असते, आणि ती यादी कुणी केली हे तक्त्यावर लिहिलेलं नसतं. २००५च्या दुरुस्तीने हिंदू कायद्यात मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. खुर्चीच्या यादीत नाव घालायला कुठला कायदा नाही.

पुण्याच्या थरमॅक्सचं उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवतं. १९९६ साली रोहिंटन आगा अचानक गेले आणि अनु आगा अध्यक्षपदी आल्या. त्या तोवर कंपनीचा मनुष्यबळ विभाग सांभाळत होत्या. बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत आदल्या वर्षी नऊ चौकटी भरल्या असत्या तर अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव कुठे असतं? पुढे कंपनी तोट्यात गेली तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली, आणि २००४मध्ये मुलगी मेहेर पुदुमजी यांच्याकडे अध्यक्षपद दिलं. रोजचा कारभार मात्र घराबाहेरच्या व्यवस्थापकीय संचालकाकडे ठेवला. एका उदाहरणाने सिद्ध काहीच होत नाही, आणि त्या स्वतः मालक घरातल्याच होत्या, हेही खरं. पण मालकी आणि कारभार या दोन खुर्च्या वेगळ्या करता येतात, एवढं त्यातून दिसतं.

यावर मालकांचं एक उत्तर असतं, आणि ते फालतू नाही. "कंपनी आमची, कर्जाला सही आमची, घर गहाण आमचं. आमच्या रक्तावर विश्वास ठेवला तर त्यात पक्षपात कसला?" घरचा माणूस पुढच्या तिमाहीपुरता विचार करत नाही, तीस वर्षांचा करतो, जुना कामगार आणि जुना पुरवठादार त्याच्यावर जास्त भरवसा टाकतात. हे मान्य. पण या विश्वासाची किंमतही कुणीतरी मोजली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अभ्यासकांनी डेन्मार्कमधल्या कंपन्यांतले प्रमुख बदलण्याचे पाच हजारांहून जास्त प्रसंग तपासले. जिथे मावळत्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा होतं, तिथे खुर्ची घरातच राहण्याची शक्यता लक्षणीय जास्त होती. पहिलं मूल मुलगा होणं किंवा मुलगी होणं याचा कंपनीच्या तब्येतीशी संबंध नसतो, म्हणून या योगायोगाचा उपयोग करून त्यांना घरच्या वारसाचा परिणाम वेगळा काढता आला. घरचा वारस आला की नफ्याचं प्रमाण सरासरी किमान चार टक्के-गुणांनी घसरत होतं. ही सरासरी आहे, आणि डेन्मार्कची आहे. कोल्हापूरचा पुतण्या त्या सरासरीच्या वरही निघू शकेल. पण "आमचाच असतो तो चांगलाच असतो" हे गृहीत म्हणून चालत नाही, इतकं त्यातून नक्की निघतं.

मग तक्ता फेकून द्यायचा का? नको. तक्ता नसेल तर हाच निर्णय रात्री जेवणाच्या टेबलावर होतो आणि तिथे कागद उरत नाही. तक्ता असला की निदान कुणाला दोन का दिले हे लिहावं लागतं, आणि लिहिलेलं वाचता येतं. फक्त तो भरायची रीत उलटी करावी लागेल.

आधी खुर्ची लिहा, माणूस नंतर. आपल्या फाउंड्रीत प्लांट हेडला चार गोष्टी जमाव्या लागतात: गुणवत्तेवरून भडकलेल्या ग्राहकाला सांभाळणं, युनियनशी वेतन करार करणं, नवी फर्नेस घ्यायची की जुनी दुरुस्त करायची यासारखा मोठ्या खर्चाचा निर्णय मांडणं, आणि हाताखाली दुसरी फळी उभी करणं. 'पोटेन्शियल' हा शब्दच तक्त्यातून काढा आणि या चार गोष्टी घाला. प्रत्येक नावापुढे गेल्या दोन वर्षांतला एक प्रसंग लिहा. प्रसंग नसेल तर तिथे 'संधी दिली नाही' असं लिहा. कमी शेरा आणि संधी न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आजच्या तक्त्यात त्या एकाच आकड्यात मिसळतात.

हे तिघांना लावून बघा. प्रॉडक्शन मॅनेजर: ग्राहक सांभाळणं, पुरावा आहे, दुसरी फळी, पुरावा आहे, त्याचे दोन सुपरवायझर आज स्वतंत्र शिफ्ट चालवतात, करार आणि मोठा खर्च, संधी दिली नाही. क्वालिटी हेड: ग्राहक, पुरावा आहे, मोठा खर्च, पुरावा आहे, धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर बदलण्याचा प्रस्ताव तिनेच मांडून मंजूर करून घेतला, बाकी दोन, संधी दिली नाही. पुतण्या: चारही ठिकाणी, संधी दिली नाही. ग्राहकाकडे तो गेला होता, पण काकांबरोबर, आणि बोलले काका. म्हणजे त्याच्याबद्दल आपल्याला माहीत असलेली गोष्ट अशी की काहीच माहीत नाही. मग त्याला तीन देणं हा त्याच्यावरही अन्यायच होता, कारण तिशीतच 'नेता' ठरलेल्या माणसाला कुणी काही शिकवत नाही.

इथून पुढची पायरी आपोआप ठरते. पुढचा वेतन करार येतो तेव्हा टेबलावर क्वालिटी हेडला बसवा. फर्नेसचा प्रस्ताव प्रॉडक्शन मॅनेजरकडे द्या, मराठीत मांडला तरी चालेल, बँकेसाठी भाषांतर करणारी माणसं मिळतात. पुतण्याला काकांशिवाय एखादा चिडलेला ग्राहक आणि मोल्डिंग लाइनची वर्षभराची पूर्ण जबाबदारी द्या, रिजेक्शनच्या आकड्यासकट. दीड-दोन वर्षांनी रिकाम्या जागा पुन्हा भरा.

भरणार कोण, हा प्रश्न उरतो. ज्याचा बोनस पुतण्याच्या वडिलांच्या सहीने निघतो, त्याने पुतण्याला शेरा देऊ नये. एवढा एक नियम बाकी सगळ्या प्रशिक्षणांपेक्षा जास्त काम करेल. नात्यातल्या उमेदवाराचा शेरा बाहेरच्याने द्यावा: दुसऱ्या कंपनीचा निवृत्त प्लांट हेड, किंवा असला तर स्वतंत्र संचालक. बाकीच्यांनी आपले शेरे आणि कारणं बैठकीआधी लिहून द्यावीत, आणि बैठकीत चेअरमननी सगळ्यात शेवटी बोलावं. हे सांगायला सोपं आहे. चाळीस वर्षं पहिलं वाक्य बोलायची सवय असलेल्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही, आणि माझ्या मते सल्लागाराने आपली फी तिथे कमवावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान वारसाच्या नियोजनाची खात्री करून घेण्याची सेबीच्या नियमांची सक्ती आहे. खासगी मर्यादित फाउंड्रीवर ती नाही, म्हणून ही शिस्त घरातूनच यावी लागते.

पक्षपात शिरलाय हे कळायचं कसं? बारा नावांच्या तक्त्यात टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. एका माणसाने चौकट बदलली की सगळे आकडे हलतात. त्यापेक्षा कारणांची वाक्यं नावं झाकून वाचावीत. 'मोठं चित्र', 'समज', 'घडण' असले शब्द कुणाच्या वाट्याला आले आणि 'मेहनती', 'प्रामाणिक', 'भरवशाचा' कुणाच्या, हे पाच मिनिटांत दिसतं. दुसरं, पाच वर्षांपूर्वीचा तक्ता असेल तर तो काढून बघावा. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्यांनी पुढे काय केलं, आणि मधल्या चौकटीतून नोकरी सोडून गेलेले आज कुठे काय चालवतायत? जुना तक्ता काढायला मालक सहसा नाखूश असतात.

आणि हे सगळं करायचंच नसेल, खुर्ची पुतण्यालाच द्यायची असं घरात ठरलं असेल, तर ते सरळ सांगावं. मालकाला तो हक्क आहे. प्लांट हेड आणि एमडी घरातला असेल, त्याखालची ऑपरेशन्सची जागा आणि संचालकपदाची एक खुर्ची बाहेरच्यांसाठी खुली आहे, आणि तिथे तक्ता लागेल; असं पत्र देऊन कळवावं. त्या दिवशी क्वालिटी हेड राजीनामा देईल, अशी भीती मालकांना वाटते. देईलही. आत्ताच्या रीतीनेही ती जातेच. फक्त पाच वर्षं 'भरवशाच्या' चौकटीत काढून, पुतण्याच्या बढतीचं पत्र नोटीस बोर्डावर लागल्यावर, चाकणच्या एखाद्या फाउंड्रीत, आणि सोबत आपली निम्मी लॅब घेऊन.